सिक्स ऑफ कप्स आणि शाळेतल्या मित्राला पाठवलेला निरोप : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याकडे टॅरो कार्डांच्या वाचनासाठी आलेल्या एका व्यक्तीच्या संमतीने लिहिले असून, ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा वगळले आहेत. त्यांचा उल्लेख पुढे केवळ प्रश्नकर्त्या असा केला आहे.

प्रश्नकर्त्यांनी नुकतीच चाळिशी ओलांडली होती. विवाहातून वेगळ्या होऊन त्यांना दोन वर्षे झाली होती, आणि त्या स्वतःच म्हणाल्या तसे, आयुष्य पुन्हा हाती आले होते पण त्यात बोलायला कोणी उरले नव्हते. याच काळात त्यांना शाळेतला एक मित्र वारंवार आठवू लागला. शाळेच्या शेवटच्या तीन वर्षांत दोघांचा घरी जाण्याचा रस्ता एक होता, त्यांच्यात एक अबोल ओढ होती, आणि ती दोघांपैकी कोणीही बोलून दाखवली नव्हती. त्यांच्या सोबत आणखी एक मैत्रीण असे, हा उल्लेख त्यांनी पहिल्या भेटीत एकदाच, अगदी ओघात केला. शाळा संपली, त्यांचे कुटुंब दुसरीकडे राहायला गेले, आणि निघताना त्या मित्राने त्यांच्या हाती एक वही दिली. त्या वहीत तीन वर्षांच्या आठवणी लिहिलेल्या होत्या. त्यानंतर काही पत्रे झाली. शेवटचे पत्र त्याचे होते आणि त्याला प्रश्नकर्त्यांनी कधी उत्तर दिले नाही.

पंचवीस वर्षांनी समाजमाध्यमावर त्यांना त्याचे खाते सापडले. तेथे एक छायाचित्र होते. कुटुंबाविषयी काहीही कळत नव्हते. निरोप लिहायचा आणि पुसून टाकायचा, असे त्या कित्येक आठवडे करत होत्या. त्यांच्याकडे टॅरोचा एक संच होता. त्यातून त्यांनी एक कार्ड काढले, ते सिक्स ऑफ कप्स निघाले, आणि ‘जुने प्रेम परत येते’ असा त्याचा अर्थ त्यांच्या वाचनात आला. त्या भेटीला आल्या तेव्हा त्यांना खरे तर या अर्थावर शिक्कामोर्तब हवे होते.

समस्या

त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता : ‘त्याला माझी आठवण येते का, आणि मी लिहिले तर तो परत येईल का?’ या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही दुसऱ्या माणसाच्या मनाविषयी आहेत. तो माणूस समोर बसलेला नव्हता आणि त्याच्याविषयी कार्डे काढायला त्याची संमतीही नव्हती. त्याच्या मनाविषयी जे काही सांगितले असते, ते पडताळून पाहण्याचा कोणताही मार्ग प्रश्नकर्त्यांपाशी नव्हता; मात्र त्या सांगण्यावर विसंबून त्यांनी पुढची पावले टाकली असती.

दुसरी अडचण घरी निघालेल्या कार्डाची होती. ते कार्ड कसे निघाले, असे विचारल्यावर त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, एकच प्रश्न मनात धरून त्या रोज रात्री एक कार्ड काढत असत. पहिल्या रात्री फोर ऑफ पेंटॅकल्स आले, दुसऱ्या रात्री हर्मिट, त्यानंतर एट ऑफ स्वोर्ड्स आणि मग पुन्हा हर्मिट. पाचव्या रात्री सिक्स ऑफ कप्स आले आणि त्या थांबल्या.

या प्रकरणातला पहिला खरा निर्णय येथे होता. टॅरोच्या संचात अठ्ठ्याहत्तर कार्डे असतात आणि त्यांतली बरीच नात्याविषयी काही ना काही आश्वासक बोलतात. रोज एक कार्ड काढत राहिले की मनासारखे कार्ड फार दिवस हुलकावणी देत नाही. हवे ते येईपर्यंत काढत राहायचे आणि आले की थांबायचे, या पद्धतीने मिळालेले कार्ड उत्तर म्हणून वाचता येत नाही. पण म्हणून ते निरुपयोगीही ठरत नाही. कोणत्या चित्रापाशी आपला हात थांबला, हे माणसाच्या मनाविषयी बरेच सांगून जाते. दोन हातांनी नाणे छातीशी घट्ट धरलेला फोर ऑफ पेंटॅकल्समधला माणूस, एकटा उभा असलेला हर्मिट, डोळ्यांवर पट्टी बांधलेली आणि तलवारींच्या वेढ्यात उभी असलेली एट ऑफ स्वोर्ड्समधली स्त्री, ही चित्रे त्यांच्या आताच्या एकटेपणाविषयी बोलत होती. ती त्यांनी बाजूला सारली आणि बागेत उभ्या असलेल्या दोन मुलांपाशी त्या थांबल्या.

कार्डाच्या अर्थाविषयी

सिक्स ऑफ कप्स आले की शाळूसोबती किंवा बालपणीचे प्रेम, असे समीकरण आज इतके रूढ आहे की ते कोठून आले हे पाहणे आवश्यक वाटते. अठराव्या शतकातल्या एतेया या फ्रेंच भविष्यवेत्त्याच्या परंपरेत या कार्डाचा अर्थ भूतकाळ असा आहे आणि ते उलटे आले तर भविष्यकाळ. मार्सेय पद्धतीच्या जुन्या संचांत तर या कार्डावर सहा पेले आणि काही वेलबुट्टी एवढेच असते; त्यात मुले नाहीत, बाग नाही. मुले आली ती 1909 साली, आर्थर वेट यांच्या संचासाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या चित्रात. गोल्डन डॉन या गूढविद्येच्या परंपरेत याच कार्डाला वृश्चिक राशीतला सूर्य आणि सुख हा अर्थ जोडला गेला, त्यातही बालमित्राचा संबंध नाही. म्हणजे भूतकाळ हा या कार्डाचा जुना गाभा आहे, आणि बालपणीचा सोबती हा अर्थ मुख्यतः एका चित्रातून आलेला आहे. स्वतः वेट यांनीही या कार्डाला आठवणींचे, मागे वळून पाहण्याचे कार्ड म्हटले आणि त्यातले सुख नाहीशा झालेल्या गोष्टींकडून येणारे आहे असे नोंदवले. कोणी परत येईल असे त्यांनी तेथे म्हटलेले नाही.

म्हणूनच चित्राच्या आधाराने बोलायचे असेल तर चित्र नीट पाहिले पाहिजे. एक थोडा मोठा मुलगा, डोक्यावर लाल टोपडे, हाती पेला धरून पुढे वाकलेला आहे. त्याच्यासमोर एक लहान मुलगी उभी आहे आणि तिने एका हातात जाड हातमोजा घातलेला आहे. पेल्यांत पाणी किंवा मद्य नसून पांढरी फुले लावलेली आहेत. डावीकडे मागच्या बाजूला भाला घेतलेला एक पहारेकरी पाठ फिरवून चालला आहे. आता, कप्स या मालिकेत पेला म्हणजे भावना आणि त्यातले पाणी म्हणजे वाहती, आज जिवंत असलेली भावना, असे आपण धरतो. या कार्डात पेल्यांत पाणी दिसत नाही. त्यांची कुंडी झाली आहे. भावना जपली गेली आहे, तिला फूलही आले आहे, पण ती तहान भागवण्याच्या कामाची राहिलेली नाही. मला या कार्डातला हा सर्वांत महत्त्वाचा तपशील वाटतो आणि नात्याच्या प्रश्नात तो क्वचितच विचारात घेतला जातो.

विचारात घेतलेले पर्याय

वाचन कसे करावे याचे तीन मार्ग समोर होते. पहिला, घरचे कार्ड पूर्णपणे बाजूला ठेवून नव्याने संपूर्ण स्प्रेड, म्हणजे अनेक कार्डांची मांडणी, करणे. यात शिस्त होती. पण त्यांच्या मनात ते कार्ड इतके रुजले होते की नवीन स्प्रेडमधले प्रत्येक कार्ड त्या मनोमन त्याच्याशी ताडून पाहत राहिल्या असत्या. दुसरा, घरचे कार्ड हेच उत्तर मानून फक्त त्याचे विवेचन करणे. हा मार्ग वर सांगितलेल्या कारणामुळे सोडून दिला. तिसरा, सिक्स ऑफ कप्स जाणीवपूर्वक मध्यभागी ठेवणे, त्याला ‘माझ्या मनात आज जे आहे ते’ असे स्थान देणे आणि त्याच्याभोवती तीनच नवीन कार्डे काढणे : आज मी कोठे उभी आहे, मला काय दिसत नाही, आणि पाऊल टाकायचे झाले तर ते कसे असावे. हा तिसरा मार्ग निवडला.

या मांडणीत परिणामाचे स्थान मुद्दाम ठेवले नव्हते. परिणामाच्या जागी एखादे प्रसन्न कार्ड आले असते तर उत्तर न येण्याचा प्रत्येक दिवस त्यांना ‘अजून वेळ आहे’ असा वाटला असता. उदास कार्ड आले असते तर त्यांनी निरोप पाठवलाच नसता, आणि तो निर्णय त्यांचा न राहता त्या कार्डाचा झाला असता.

प्रश्नही बदलावा लागला. ‘तो परत येईल का’ याऐवजी ‘या मैत्रीतून मला आज काय हवे आहे, आणि ते मागण्याची किंवा देण्याची योग्य रीत कोणती’ असा प्रश्न त्यांच्याशी बोलून ठरवला. त्या लगेच तयार झाल्या नाहीत. त्यांना वाटले की मूळ प्रश्न टाळला जात आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर फक्त तो माणूस देऊ शकतो आणि ते मिळवण्याचा मार्ग त्यांच्या हाती आहे, हे सांगितल्यावर त्यांनी नवा प्रश्न स्वतःच्या हाताने लिहून समोर ठेवला.

केलेली कृती

पहिल्या जागी फाइव्ह ऑफ कप्स आले. काळ्या झग्यातली एक व्यक्ती खाली मान घालून उभी आहे, समोर तीन पेले सांडलेले आहेत आणि पाठीमागे दोन अजून उभे आहेत. विवाह संपल्याचे दुःख आता मागे पडले आहे असे प्रश्नकर्त्या मानत होत्या. कार्ड पाहिल्यावर मात्र त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या की, सांडलेले अजून मोजून झालेले नाही. क्रमाने पाहिले तर पाचनंतर सहा येते : सांडलेल्या पेल्यांपाशी उभ्या असलेल्या माणसाला भरलेले पेले आठवणे अगदी साहजिक आहे. त्यांच्या ओढीतला किती भाग त्या मित्राविषयीचा होता आणि किती भाग काहीच मोडले नव्हते त्या काळाविषयीचा, हे तपासण्याची गरज या दोन कार्डांच्या शेजारामुळे पुढे आली. त्यांना विचारले, ‘तो आज समोर आला तर त्याच्याशी कशाविषयी बोलाल?’ त्यांनी सांगितलेले सगळे विषय शाळेतले होते.

मध्यभागी ठेवलेल्या सिक्स ऑफ कप्सविषयी त्यांना एकच प्रश्न विचारला : या चित्रात तुम्ही कोण? त्यांनी क्षणाचाही विचार न करता मुलीवर बोट ठेवले. सर्वसाधारणपणे स्त्री प्रश्नकर्ती असेच करते, आणि हे कार्ड चुकीच्या दिशेने वाचले जाते ते बहुधा याच ठिकाणी. त्या स्वतःला घेणाऱ्याच्या जागी पाहत होत्या : कोणीतरी येईल, वाकेल आणि फुलांचा पेला पुढे करेल. पण वस्तुस्थिती नेमकी उलट होती. पत्राला उत्तर न देता थांबलेल्या त्या होत्या, आता लिहू इच्छिणाऱ्याही त्याच होत्या, म्हणजे चित्रातला पेला धरलेला मुलगा त्या होत्या. त्यांनी आपले बोट मुलावर ठेवून पाहावे असे सुचवले. त्यानंतर बोलण्याचा सूरच बदलला. पेला पुढे करणाऱ्याच्या हाती फक्त देणे असते. समोरची मुलगी तो घेईल की नाही, हे चित्रात दाखवलेले नाही. तिच्या हातात हातमोजा आहे, तिचे काही अंतर आहे, आणि ते राखण्याचा तिला अधिकार आहे. आता ती समोरची व्यक्ती म्हणजे तो मित्र होता.

दुसऱ्या जागी, म्हणजे ‘मला काय दिसत नाही’ येथे, थ्री ऑफ कप्स आले : तीन स्त्रिया पेले उंचावून फेर धरत आहेत. प्रेमाच्या प्रश्नात हे कार्ड आले की ‘तिसरी व्यक्ती आहे’ असे सांगण्याची पद्धत काही टॅरो वाचकांत आहे. प्रश्नकर्त्यांनीही लगेच विचारले, ‘म्हणजे त्याचे लग्न झाले आहे का?’ या प्रश्नाला हो म्हणणे सोपे होते, कारण चाळिशीतल्या माणसाच्या बाबतीत ते खरे निघण्याची शक्यता मोठी असते आणि खरे निघाले की वाचकाचे नाव होते. पण ते कार्डावरून आलेले ज्ञान नसून अटकळ ठरली असती. कार्डात दिसतो तो समवयस्कांचा आनंद, मैत्रीचे वर्तुळ. म्हणून त्यांना एवढेच सांगितले की, या आठवणीत दोघांपेक्षा जास्त माणसे असावीत आणि तिकडे त्यांचे लक्ष नाही. ती कोण, हे त्यांनीच आठवून पाहावे. तेव्हा त्यांना काही सुचले नाही आणि त्यावर अधिक जोर दिला नाही.

तिसऱ्या जागी टेम्परन्स आले. एक पाय पाण्यात आणि एक जमिनीवर ठेवलेला देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात धार ओतत आहे. सिक्स ऑफ कप्समध्ये न दिसणारे पाणी येथे आहे, पण ते मोजून, सावकाश दिले जात आहे. त्यावरून निरोपाविषयीचा सल्ला निघाला : थोडे लिहावे आणि एकदाच लिहावे.

याच वेळी त्यांनी विनंती केली की, ‘तो उत्तर देईल का, एवढ्यासाठी आणखी एकच कार्ड काढू या.’ ही विनंती नाकारली. खुलाशासाठी आणखी एक कार्ड घेणे ही मान्य पद्धत आहे, परंतु ती आधी आलेल्या कार्डाचा अर्थ धूसर असेल तर वापरायची. येथे कोणतेही कार्ड धूसर नव्हते. जास्तीचे कार्ड काढले असते तर घरच्या पाच रात्रींचाच प्रकार वेगळ्या खोलीत सुरू झाला असता.

निरोपाचा पहिला मसुदा त्यांनी घरी लिहून आणला तो जवळजवळ चार पानांचा होता. त्यात वही होती, विवाह होता, एकटेपणा होता आणि ‘तुझ्यासारखे मला पुन्हा कोणीच भेटले नाही’ असे वाक्यही होते. तो मसुदा खरा होता, म्हणून तो फाडून न टाकता जपून ठेवावा असे सुचवले. पण पंचवीस वर्षांनी अचानक हे वाचणाऱ्या माणसावर त्याचे केवढे ओझे पडेल, याचा विचार त्यांनी स्वतःच बोलून दाखवला. शेवटी पाठवलेला निरोप असा होता :

‘शाळेत आपण एका वर्गात होतो. तुझ्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिले नाही, याची रुखरुख अजून आहे. तू दिलेली वही माझ्याकडे आहे आणि ती मला आवडते, हे तुला सांगायचे होते. तू सुखात असशील अशी आशा आहे. उत्तर द्यावे असे वाटले तर आनंद होईल, नाही दिलेस तरी हरकत नाही.’

शेवटच्या वाक्यावर आमची बरीच चर्चा झाली. ते वाक्य मनापासून असेल तरच ठेवावे, नाहीतर तेही आर्जवच ठरते, असे माझे मत होते. त्यांनी ते दोन दिवस मनात घोळवले आणि मग ठेवले. सोबत तीन गोष्टी ठरल्या : उत्तर आले नाही तर दुसरा निरोप पाठवायचा नाही, त्याच्या खात्यावर जाऊन निरोप वाचला गेला का, हे पाहत राहायचे नाही, आणि या प्रश्नावर महिनाभर कार्ड काढायचे नाही.

परिणाम

उत्तर तीन आठवड्यांनी आले. त्याला त्या आठवत होत्या आणि त्याला निरोप मिळाल्याचा आनंद झाला होता. तो विवाहित होता, त्याला मुले होती, आणि हे त्याने दुसऱ्याच वाक्यात सांगितले होते. शेवटच्या पत्राला उत्तर आले नाही हे त्याला आठवतही नव्हते. वहीविषयी मात्र त्याने लिहिले की, ती कल्पना त्या तिसऱ्या मैत्रिणीची होती, आठवणी तिने आणि त्याने मिळून लिहिल्या होत्या, आणि ती अजून कधीमधी प्रश्नकर्त्यांची चौकशी करत असते.

हे उत्तर प्रश्नकर्त्यांना जड गेले. पंचवीस वर्षे ज्याची बोचणी वाटत होती ती गोष्ट समोरच्याला आठवत नसावी, आणि एकट्या त्याची म्हणून जपलेली वही दोघांची निघावी, याने त्यांची आठवणच विस्कटली. त्या पुन्हा भेटायला आल्या तेव्हा कार्डे काढली नाहीत. त्यांनी ती वही सोबत आणली होती. तिच्यात दोन वेगवेगळी हस्ताक्षरे होती; ती त्यांनी पूर्वीही पाहिली होती, पण दुसरे अक्षर त्याचेच, घाईत लिहिलेले, असे त्या धरून चालल्या होत्या.

मित्राशी आणखी दोनतीन निरोपांची देवाणघेवाण झाली आणि ती आपोआप थांबली. त्यात कटुता नव्हती. मैत्रिणीचा संपर्क त्याच्याकडूनच मिळाला. तिच्याशी बोलणे सुरू झाले ते टिकले. या लेखासाठी संमती देताना प्रश्नकर्त्यांनी सांगितले की, दोघी आता नियमित बोलतात आणि बोलणे बहुतेक वेळा आजच्या आयुष्याविषयीच असते.

थ्री ऑफ कप्सने ही मैत्रीण आधीच दाखवली होती, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. प्रश्नकर्त्यांचा आता तसा विश्वास आहे आणि तो त्यांच्यासाठी मोलाचा आहे. माझ्या मते इतके म्हणणे योग्य होईल की, कार्डाने दोघांच्या चौकटीबाहेर पाहण्याची सूचना केली आणि ती सूचना योग्य ठरली. त्या जागी दुसरे कार्ड आले असते तरी वहीतली दोन हस्ताक्षरे होतीच.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

वही पहिल्याच भेटीत पाहायला मागता आली असती. सिक्स ऑफ कप्सचा प्रश्न घेऊन येणाऱ्या माणसाजवळ बहुधा एखादी वस्तू असते : पत्र, छायाचित्र, भेट. ती वस्तू समोर ठेवून कार्ड वाचले तर आठवण आणि वस्तुस्थिती यांतले अंतर निरोप पाठवण्यापूर्वीच थोडेफार दिसू लागते. या प्रकरणात दुसरे हस्ताक्षर आधी दिसले असते, तर कदाचित पहिला निरोप मैत्रिणीला गेला असता. तसे झाले असते तर ते अधिक चांगले ठरले असते का, हे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. पत्राची रुखरुख मित्राविषयीची होती आणि ती त्यालाच कळवल्याशिवाय सुटली नसती.

दुसरी जागा तयारीची होती. उत्तर आले नाही तर काय करायचे, हे नीट ठरवले होते. उत्तर येऊनही ते अपेक्षेपेक्षा वेगळे असेल तर काय, याचा विचार तितका झाला नव्हता. पेल्यातले फूल आपल्या आठवणीच्या मातीत वाढलेले असते, समोरच्याच्या मातीत ते तसे वाढलेले नसते, याची कल्पना आधी देता येते. त्यासाठी एक साधा प्रश्न पुरतो : तुमच्या दृष्टीने जो सर्वांत मोठा प्रसंग आहे तो त्याला आठवतच नसेल, तर तुम्हाला या निरोपाचे समाधान राहील का? याचे उत्तर नाही असे आले, तर निरोप काही काळ थांबवावा आणि आधी फाइव्ह ऑफ कप्सकडे, म्हणजे ताज्या दुःखाकडे वळावे.

तिसरी जागा उलट्या कार्डाची. हे कार्ड घरी सुलटे निघाले होते. उलटे निघाले असते तर आजचे अनेक वाचक त्याचा अर्थ भूतकाळात अडकणे असा करतात, तर वेट यांच्या मांडणीत उलटे कार्ड म्हणजे भविष्य आणि नूतनीकरण, लवकरच घडणारे काही. एकाच प्रश्नावर हे दोन अर्थ परस्परविरुद्ध सल्ला देतात : पहिला थांबा म्हणतो, दुसरा पुढे जा. त्यांपैकी कोणता अर्थ आपण घेतो, हे वाचकाने कार्ड काढण्यापूर्वी ठरवलेले असावे. कार्ड पाहून आणि समोरच्याचा चेहरा पाहून ठरवले, तर प्रश्नकर्त्याची इच्छाच त्याला परत ऐकवली जाते.

आणि शेवटची जागा, जिचा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो : ज्याला निरोप जाणार तो माणूस आज कोणाबरोबर तरी बांधलेला आहे हे आधीच माहीत असेल तर. या प्रकरणात ते माहीत नव्हते. माहीत असते तरी हा निरोप पाठवायला हरकत नव्हती असे मला वाटते, कारण तो त्याच्या घरातल्या कोणीही वाचला असता तरी कोणाला लपवावा लागला नसता. चार पानांच्या मसुद्याविषयी तसे म्हणता आले नसते.